नवस आणि नेम

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा ताईच्या श्राद्धाला जेवणं उरकल्यावर तुझी आणि तुझ्या काकांची जी जुंपली, ती मी स्वयंपाकघरातून सगळी ऐकत होते. काका सांगत होते की घंटेच्या कंपनांनी हवेतले जंतू मरतात, सात सेकंद घुमणारा नाद शरीरातली सात चक्रं जागी करतो, आपल्या पूर्वजांना हे विज्ञान आधीपासून ठाऊक होतं. तू म्हणत होतास की देव असल्याचा एकही पुरावा नाही, तेव्हा देवळात जाणारा माणूस एकतर भित्रा असतो नाहीतर फसलेला. आणि मग मला मध्ये ओढलंस, "मावशी तर जन्मभर विज्ञान शिकवत होती, तिलाच विचारा रोज पहाटे काळारामाला कशाला जाते ते." मी बाहेर आले नाही, कारण दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं ते नव्हतं, आणि भिंतीवर ताईचा हार घातलेला फोटो होता. म्हणून हे पत्र.

आधी माझं म्हणणं सरळ सांगते. तुम्ही दोघं चुकीच्या प्रश्नावर भांडत होता. काका देवळाला दवाखाना ठरवू पाहत होते आणि तू त्याला न सुटलेलं प्रमेय ठरवून खोडत होतास. मी तिथे काही मिळवायला जात नाही आणि काही सिद्ध करायलाही जात नाही. आपल्या भाषेत नवस वेगळा आणि नेम वेगळा. नवसात अट असते, अमुक झालं तर तमुक करीन. नेमाला अट नसते. तुझा सगळा हल्ला नवसावर आहे आणि त्यात मी पूर्णपणे तुझ्या बाजूची आहे. माझा वाद एवढाच की नवस पाडलास म्हणजे नेम आपोआप पडत नाही.

काकांचं उत्तर थोडक्यात देते, कारण त्यात फार काही नाही. ती सात सेकंदांची गोष्ट मी नोकरीत असतानाच मोजून पाहिली होती. शाळेच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच घेऊन चार-पाच दिवस सभामंडपात उभी राहिले. लहान मुलाने उडी मारून घंटा वाजवली की नाद लगेच विरायचा, एखाद्या दणकट माणसाने टोल दिला की लांबायचा, आणि मागच्याचा हात लोलकाला लागला की जागीच तुटायचा. दोन आकडे सारखे म्हणून आले नाहीत. येणारही नव्हते. नाद किती टिकतो ते घंटेच्या धातूवर, जाडीवर, टोलाच्या जोरावर ठरतं, आणि कुठे संपला म्हणायचं ते ऐकणाऱ्याच्या कानावर आणि भोवतालच्या गलक्यावर. हे मी आठवीच्या मुलांना शिकवत होते. जी श्रद्धा उसन्या विज्ञानाच्या टेकूवर उभी करायची, तो टेकू कोणीही शाळकरी पोर काढून घेऊ शकतं. शिवाय जंतूंसाठीच जायचं असेल तर घरी फिनेल आहे.

आता तुझ्याकडे वळते. तुझ्याजवळचा सगळ्यात जड दगड तू परवा उचललाच नाहीस. माझी भीड धरलीस असं वाटतं. तो मीच उचलते. तुझी आई.

ताईला छातीत गाठ लागली तेव्हा तिने ती पहिल्यांदा मला सांगितली. दुखत नाही म्हणाली. न दुखणारी गाठ म्हणजे काळजीचं कारण नाही हा बायकांमधला मोठा गैरसमज आहे, कर्करोगाची गाठ सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही. हे मला ठाऊक होतं. मी दवाखान्यात चल म्हटलं. तेवढ्यात नात्यातल्या कोणीतरी एका बाबाचा अंगारा आणून दिला, अकरा गुरुवार उपास सांगितले, आणि ताई म्हणाली, "एवढं होऊ दे, मग जाऊ." अकरा गुरुवार म्हणजे अडीच महिने. मी जोर केला नाही. विज्ञानाची शिक्षिका असून केला नाही, कारण तिच्या चेहऱ्यावर त्या अंगाऱ्याने आलेला धीर मला मोडवेना. आणि मी स्वतः काय केलं? काळारामापुढे उभी राहून नवस बोलले. ताई बरी झाली तर सोन्याचा तुळशीहार घालीन म्हणाले. म्हणजे तिला जे समजावून सांगायला हवं होतं, ते सांगण्याऐवजी मी देवाशी सौदा करत बसले. ते अडीच महिने लवकर गेलो असतो तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण ते अडीच महिने आमच्या हातात होते आणि आम्ही ते घालवले, एवढं मला ठाऊक आहे.

म्हणून श्रद्धेने माणसं मरतात असं तू म्हणालास तर मी मान खाली घालीन. त्यावर "ती श्रद्धा नव्हे, अंधश्रद्धा" असं घाईने म्हणून सुटका करून घेणारे लोक मला आवडत नाहीत. ताईच्या मनात तो अंगारा आणि घरातला देव यांच्यामध्ये भिंत नव्हती. माझ्याही नव्हती. ती रेषा ओढावी लागते, आपोआप ती नसते.

पण ओढता येते, हे मात्र विसरू नकोस. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्यानंतर आधी वटहुकूम म्हणून आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. तू त्याचा हवाला नेहमी देतोस. तो नीट वाचला आहेस का? त्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. आणि त्याच कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना तो लागू नाही, असंही स्पष्ट लिहिलेलं आहे. ही काही राज्यकर्त्यांनी भाविकांना दिलेली नुसती सवलत आहे असं मी मानत नाही. एकीकडे माणसाच्या भीतीवर चालणारा व्यवहार आहे, दुसरीकडे कोणाकडून काही न मागता चाललेली पावलं आहेत. दोन्ही गोष्टी एकाच आवारात घडतात म्हणून त्या एक होत नाहीत. मला ही रेषा फार उशिरा कळली, पण कळली.

ताई गेल्यावर मी आठ महिने देवळात गेले नाही. रागावून गेले नाही असं मी लोकांना सांगायची. खरं तर लाज वाटत होती. सौदा फिसकटल्यावर दुकानदाराच्या दारावरून जाताना वाटते तशी. मग एका पहाटे, थंडीचे दिवस होते, झोप लागत नव्हती म्हणून बाहेर पडले आणि पाय सवयीने तिकडेच गेले. काकड आरती चालू होती. दगडी फरशी इतकी गार होती की तळपाय बधिर झाले. रांगेतून पुढे सरकले, उंबरठ्यापाशी आले, हात जोडले, आणि लक्षात आलं की मागायला काहीच नाही. जे मागायचं होतं ते संपलं होतं. तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा नुसती उभी राहिले. त्या दिवसापासून आजतागायत, आजारपण सोडलं तर, माझा नेम चुकलेला नाही आणि मी काही मागितलेलं नाही.

तू म्हणशील, मग गोदाघाटावर फिरायला जा, तब्येतीला बरं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नुसती शिस्त, पहाटेची हवा आणि चार ओळखीचे चेहरे एवढंच हवं असेल तर जॉगिंग ट्रॅक पुरे. मी दोन्ही करून पाहिलं आहे. फिरायला जाते तेव्हा मी माझी मालकीण असते, कंटाळा आला की मागे फिरते, बरोबर कोण चालणार तेही मीच ठरवते. देवळाच्या रांगेत माझ्यापुढे भाजीबाजारातला हमाल असतो, मागे कुठल्यातरी बँकेतली साहेबीण, आणि कोणी कोणाला निवडलेलं नसतं. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांना गुण देत आले. वर्गात शिरल्यावर सगळे उठून उभे राहायचे. दिवसातून एकदा अशा ठिकाणी उभं राहणं जिथे माझ्या मताला आणि हुद्द्याला काही किंमत नाही, ही मला गरज वाटते. मान वाकवणं ही माझ्या बाबतीत मनाची नव्हे, आधी शरीराची गोष्ट आहे. मन तयार होईल तेव्हा वाकीन म्हटलं असतं तर मी वर्षातून चार दिवस वाकले असते.

आणि हे फक्त मूर्ती मानणाऱ्यांचं दुखणं आहे असं समजू नकोस. 1867 मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला. पुढे न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं त्यात होती. त्यांनी मूर्ती नाकारली, जातिभेद नाकारला, अवतार नाकारले. तर्काने जे जे टाकता येईल ते टाकलं. मग काय उरलं? एकत्र जमायची जागा, ठरलेला दिवस, सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, तुकोबांचे अभंग. आणि त्या जागेला त्यांनी नाव दिलं मंदिर. एवढी कठोर छाननी करणाऱ्यांनाही घरी बसून चिंतन पुरेसं वाटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. देव आहे का, असं तू मला एकटीला गाठून विचारशील तर सांगते. आहे असं मला वाटतं. सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करता येत नाही ते मी वर्गात कधी शिकवलं नाही.

आता शेवटचा आक्षेप. हाच मला रात्री जागं ठेवतो. तू गेल्या वर्षी म्हणाला होतास, "दुसरं कुठलंही देऊळ असतं तर समजू शकलो असतो, पण काळाराम?"

काय घडलं ते सगळ्यांना वरवर माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 2 मार्च 1930, रविवार. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांची मिरवणूक देवळाकडे निघाली. चार-चारांच्या ओळी, मैलभर लांब, शिस्तीत. आपल्या जिल्ह्यातले दादासाहेब गायकवाड ते सगळं सांभाळत होते. देवळाचे दरवाजे बंद. मिरवणूक तशीच गोदावरीच्या घाटावर गेली आणि तिथे तिची सभा झाली. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींची पहिली तुकडी दरवाजांपुढे जाऊन बसली, 125 पुरुष आणि 25 स्त्रिया. दहाच दिवसांनी गांधीजी दांडीला निघाले. मिठाचा सत्याग्रह देशभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. आमचा नाशिकचा, जो परक्या सरकारशी नव्हता, आपल्याच शेजाऱ्यांशी होता, तो पाच वर्षं चालला आणि दरवाजा उघडला नाही.

आता जे मी तुला कधी सांगितलं नाही ते. माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, तेव्हा पंचवटीत पूर्व दरवाजाजवळच्या बोळात राहत होते. मी मॅट्रिकला असताना एकदा त्यांनी मला हे सांगितलं. त्यांनी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. दाराला आतून कडी घालून घरात बसले. आजीने खिडकीच्या फटीतून पाहिलं, बायका उन्हात बसल्या होत्या. ती म्हणाली, त्यांना तांब्याभर पाणी तरी नेऊन देते. आजोबा म्हणाले, "कडी काढायची नाही." महाडला पाण्यावरून काय झालं होतं ते तीन वर्षांपूर्वीचंच होतं, म्हणजे पाण्याचा अर्थ त्यांना चांगला कळत होता. हे सांगताना ते रडले नाहीत. फक्त म्हणाले, "मला वाटायचं मी कुणाच्याच बाजूचा नाही." आणि हे आजोबा रोज पहाटे त्याच देवळात जाणारे.

यावर मी काय बोलू? "ते जुनं झालं" असं म्हणणार नाही. "आता सगळ्यांना प्रवेश आहे" हेही उत्तर नव्हे. 3 मार्च 1934 च्या पत्रात डॉ. आंबेडकरांनी दादासाहेब गायकवाडांना स्पष्ट कळवलं की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ सुरू केली नव्हती, त्यांना त्यांच्या स्थितीची जाणीव होऊन त्यांच्यात बळ यावं म्हणून केली होती. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ते गेले हे योग्यच केलं. ज्यांच्या तोंडावर दार लावलं त्यांनी परत यावं, असं म्हणण्याचा मला काडीचा अधिकार नाही.

पण तुझा प्रश्न त्यांच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. ज्यांनी कडी लावली त्यांच्या नातीने काय करावं? तू म्हणतोस, सोडून द्यावं. सोडून दिलं की माझे हात स्वच्छ होतात, एवढंच होतं. आमच्या शाळांतही काही मुलांना वेगळं बसवत होते, स्वतः आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसले. म्हणून आपण शाळा टाकल्या नाहीत. ही तुलना अर्धीच लागू पडते हे मला कळतं. शाळेशिवाय पोराचं अडतं, देवळाशिवाय तुझं काहीच अडत नाही. तरी एक गोष्ट बघ. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. त्यांना विठ्ठल नको होता म्हणून बसले का? हवा होता म्हणूनच. बडव्यांना जी लाज एखादा निरीश्वरवादी कधीच आणू शकला नसता, ती एका भाविकाने आणली. 1930 च्या नाशकात दाराच्या आतल्या बाजूने कडी काढणारी अशी माणसं पुरेशी निघाली नाहीत. ज्यांना लाज वाटू शकते ती सगळी माणसं देवळातून उठून गेली तर आत उरेल कोण? अंगारेवाला आणि कडी लावणारे.

अर्थात नुसतं आत असण्याने काही होत नाही, आजोबाही आतच होते. म्हणून गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगून थांबते. देवळाबाहेर तुळशी आणि झेंडू घेऊन एक बाई बसते. एका पहाटे पुडी बांधता बांधता ती हळूच म्हणाली, "बाई, इथं गाठ आलीया, पण दुखत न्हाई." कोणीतरी तिला मंगळवार करायला सांगितले होते. मी त्या दिवशी दर्शनाला आत गेलेच नाही. तिची टोपली शेजारणीकडे दिली, रिक्षा केली आणि सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायच्या रांगेत तिच्याबरोबर उभी राहिले. सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासणी झाली, साधी गाठ निघाली. तोवरचे आठ दिवस मला ताईच दिसत होती. ती बाई आता रोज मला तुळशीची पुडी फुकट द्यायला बघते आणि मी पैसे ठेवते. यावरून रोज वाद होतो.

तू दिवाळीत येशील तेव्हा पहाटे माझ्याबरोबर चल. आत ये असं मी म्हणणार नाही. पूर्व दरवाजापर्यंत ये. आजोबांचं घर होतं तो बोळ तुला दाखवते. तिथून दरवाजा किती पावलांवर आहे ते तू स्वतः मोज.

तुझी,
मावशी